विश्लेषण : मतदारसंघाच्या आकड्यांवरून ‘समाजाचे मत’ कळते का?

निवडणुकीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशीच एक ठरावीक वाक्य कानावर पडू लागते. ‘ज्या मतदारसंघांत अमुक समाज २५ टक्क्यांहून अधिक आहे, तेथे तमुक पक्षाला भरघोस मते मिळाली. म्हणजे हा समाज त्या पक्षाच्या मागे एकगठ्ठा उभा राहिला.’ वाक्याचा पहिला भाग आकड्यांचा असतो आणि तो बहुधा खराही असतो. दुसरा भाग निष्कर्षाचा असतो. तो मात्र त्या आकड्यांतून निघत नाही. संख्याशास्त्रात या चुकीला ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात. २०२७च्या जनगणनेत स्वातंत्र्यानंतर प्रथमच सर्व जातींची नोंद होणार आहे. त्यामुळे जिल्हानिहाय जातींचे आकडे हाती येतील, ते उत्पन्न, शिक्षण आणि मतदानाच्या आकड्यांशेजारी मांडले जातील आणि ही चूक करण्याच्या संधी कैक पटींनी वाढतील. म्हणून ती समजून घेण्याची हीच वेळ आहे.

ही चूक नेमकी काय आहे?

गटाच्या सरासरीवरून त्या गटातील व्यक्तींविषयी निष्कर्ष काढणे, ही ती चूक. नावातील ‘इकॉलॉजी’चा झाडे, प्राणी वा पर्यावरणाशी संबंध नाही. समाजशास्त्रात एखाद्या भूभागाच्या एकत्रित आकडेवारीवर केलेल्या अभ्यासाला हे विशेषण लावले जाई, तेथून ते चिकटले. जिल्हा, तालुका, मतदारसंघ, प्रभाग, मतदान केंद्र हे सगळे असे भूभाग.

मतदारसंघाबद्दल दोन आकडे माहीत असतात असे समजू. एक, तेथे ‘अ’ समाजाचे मतदार किती. दोन, तेथे ‘क’ पक्षाला मते किती. या दोन बेरजा आहेत. विश्लेषकाला हवा असतो तिसराच आकडा : ‘अ’ समाजातील किती जणांनी ‘क’ पक्षाला मत दिले. हा आकडा त्या दोन बेरजांच्या पोटात दडलेला असतो. चार घरांचा तक्ता डोळ्यांसमोर आणला, तर उजवीकडची आणि खालची बेरीज दिसते आहे, पण आतली चारही घरे कोरी आहेत. त्याच बेरजा येतील अशा असंख्य प्रकारांनी ती घरे भरता येतात. त्यांपैकी एकच प्रकार प्रत्यक्षात घडलेला असतो आणि मतदान गुप्त असल्याने तो कोणी पाहिलेला नसतो.

ही चूक पुराव्यानिशी कोणी दाखवली?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यांनी अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेतील दहा वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांची आकडेवारी घेतली. प्रश्न साधा होता : परदेशात जन्मलेले लोक आणि निरक्षरता यांचा संबंध काय? राज्यांची आकडेवारी पाहिली तर चित्र स्पष्ट होते. ज्या राज्यांत परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त, तेथे निरक्षरता कमी. दोन गोष्टींतील संबंध उणे एक ते अधिक एक या मापावर मोजतात. राज्यांच्या पातळीवर हा आकडा उणे ०.५३च्या आसपास आला, म्हणजे बऱ्यापैकी ठळक उलटा संबंध. यावरून कोणीही म्हणेल की स्थलांतरित हे स्थानिकांपेक्षा अधिक साक्षर होते.

पण जनगणनेत व्यक्तींची सारणीही उपलब्ध होती. प्रत्येक व्यक्ती कोठे जन्मली आणि तिला लिहितावाचता येते का, हे एकत्र पाहता येत होते. ते पाहिल्यावर संबंध निघाला अधिक ०.१२च्या आसपास. म्हणजे स्थलांतरितांत निरक्षरता स्थानिकांपेक्षा किंचित जास्तच होती. केवळ आकडा लहान-मोठा झाला नाही, तर त्याची दिशाच फिरली.

कारण सरळ होते. स्थलांतरित मंडळी उत्तरेकडील औद्योगिक राज्यांत आणि मोठ्या शहरांत स्थायिक होत. तेथे काम होते, शाळा होत्या आणि तेथील स्थानिक लोक मुळातच अधिक साक्षर होते. राज्याची साक्षरता उंचावत होती ती या स्थानिकांमुळे, आणि श्रेय जात होते त्यांच्या शेजारी येऊन राहिलेल्या स्थलांतरितांना. गटाची सरासरी पाहताना शेजाऱ्याचा गुण शेजाऱ्याला चिकटला.

दुसरे उदाहरण कृष्णवर्णीयांच्या निरक्षरतेचे. देशाचे नऊ मोठे विभाग घेतले तर कृष्णवर्णीयांचे प्रमाण आणि निरक्षरता यांचा संबंध ०.९५च्या जवळ, म्हणजे जवळजवळ पूर्ण. राज्ये घेतली तर तो ०.७७. व्यक्ती घेतल्या तर अवघा ०.२०. माणसे तीच, जनगणना तीच. फक्त भूभागाच्या सीमा बदलल्या आणि उत्तर बदलत गेले. येथे दिशा फिरली नाही, पण संबंध चार-पाच पटींनी फुगला. कारण दक्षिणेतील राज्यांत गोऱ्यांच्या शिक्षणाचीही आबाळ होती, आणि ती निरक्षरताही विभागाच्या सरासरीत मिसळत होती.

निवडणुकीत हे कसे घडते? तीन केंद्रांचे उदाहरण

हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण आकड्यांसह सोडवून पाहू. तीन मतदान केंद्रे आहेत. प्रत्येक ठिकाणी हजार मते पडली. पहिल्या केंद्रावर मत देणाऱ्यांत ‘अ’ समाजाचे १०० जण होते, दुसऱ्यावर ३००, तिसऱ्यावर ५००. उरलेले सगळे ‘ब’ समाजाचे. ‘क’ पक्षाला पहिल्या केंद्रावर २८० मते मिळाली, दुसऱ्यावर ४१०, तिसऱ्यावर ६००.

आता विश्लेषकाला काय दिसते? ‘अ’ समाज १० टक्के तेथे पक्षाला २८ टक्के मते, ३० टक्के तेथे ४१, ५० टक्के तेथे ६०. समाजाचा वाटा वाढतो तशी मते वाढतात. निष्कर्ष तयार : ‘अ’ समाज ‘क’ पक्षाच्या पाठीशी.

आता मतपेटीच्या आत डोकावता आले असते तर काय दिसले असते, ते पाहू. पहिल्या केंद्रावर ‘अ’च्या १०० पैकी १० जणांनी ‘क’ला मत दिले आणि ‘ब’च्या ९०० पैकी २७० जणांनी. बेरीज २८०. दुसऱ्यावर ‘अ’च्या ३०० पैकी ६० आणि ‘ब’च्या ७०० पैकी ३५०. बेरीज ४१०. तिसऱ्यावर ‘अ’च्या ५०० पैकी २०० आणि ‘ब’च्या ५०० पैकी ४००. बेरीज ६००. दिसणारे सर्व आकडे तंतोतंत जुळतात. पण ‘अ’ समाजाच्या एकूण ९०० मतदारांपैकी फक्त २७० जणांनी, म्हणजे ३० टक्क्यांनीच ‘क’ला मत दिले. ‘ब’ समाजाच्या २१०० पैकी १०२० जणांनी, म्हणजे सुमारे ४९ टक्क्यांनी. एवढेच नव्हे, तर तिन्ही केंद्रांवर, अगदी प्रत्येक ठिकाणी, ‘ब’ समाजाचा पाठिंबा ‘अ’पेक्षा अधिक होता.

हे कागदावरचे कोडे नाही. असे घडण्याची साधी कारणे असतात. कदाचित तिसरे केंद्र उमेदवाराच्या गावचे असेल, आणि गावचा माणूस म्हणून दोन्ही समाजांनी त्याला हात दिला असेल. कदाचित तेथे पाणीयोजना झाली असेल. किंवा जेथे ‘अ’ समाज संख्येने मोठा, तेथे त्याच्या धास्तीने ‘ब’ समाज ‘क’ पक्षाभोवती एकवटला असेल. ही शेवटची शक्यता भारतीय निवडणुकांत नवी नाही. तसे झाले असेल, तर ‘अ’ समाजाची उपस्थिती पक्षाची मते वाढवते हे खरेच, पण ती ‘अ’ समाजाची मते नसतात.

मग केंद्रनिहाय आकड्यांतून काहीच कळत नाही का?

कळते, पण कमी. १९५३ मध्ये ओटिस डडली डंकन आणि बेव्हर्ली डेव्हिस यांनी एक साधी रीत सुचवली. त्यात कोणतेही गृहीतक लागत नाही, केवळ बेरीज-वजाबाकी पुरते. तिसऱ्या केंद्रावर ‘क’ला ६०० मते आहेत आणि ‘ब’चे मतदार फक्त ५००. सगळ्या ‘ब’ मतदारांनी ‘क’ला मत दिले असे धरले, तरी १०० मते ‘अ’कडूनच आली असली पाहिजेत. ही ‘अ’ची किमान मर्यादा. कमाल मर्यादा ५००, कारण तेवढेच मतदार आहेत. पहिल्या दोन केंद्रांवर ‘ब’ समाज एवढा मोठा आहे की ‘क’ची सगळी मते त्याच्याकडून आली असू शकतात. म्हणून तेथे ‘अ’ची किमान मर्यादा शून्य.

तिन्ही केंद्रे मिळून ‘अ’ समाजाची मते किमान १०० आणि कमाल ९००. म्हणजे पाठिंबा ११ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतो. ‘ब’बाबत हीच गणना केली तर १९ ते ५७ टक्के. प्रामाणिक उत्तर एवढेच. ते मथळ्यात शोभत नाही, पण खोटे नसते.

या रीतीचा एक उपयोग लक्षात ठेवावा असा आहे. एखाद्या केंद्रावर ‘अ’ समाजाचे ८०० मतदार असते आणि ‘क’ला ६०० मते असती, तर ‘अ’ची मते किमान ४०० आणि कमाल ६००. म्हणजे पाठिंबा ५० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान नक्की. गट जितका बहुसंख्य, तितकी मर्यादा घट्ट होते. उलट तो ३०० असता, तर उत्तर शून्य ते १०० टक्के, म्हणजे काहीच कळले नाही. भारतातील बहुतेक चर्चा मात्र २०-३० टक्के असलेल्या समाजांबद्दलच चालते, म्हणजे नेमकी तेथे, जेथे आकडे सर्वांत कमी सांगतात.

आलेखावर रेषा ओढणारे विश्लेषक काय करतात?

१९५३ मध्येच लिओ गुडमन यांनी दुसरी पद्धत मांडली. सर्व केंद्रे आलेखावर बिंदू म्हणून मांडायची, त्यांतून जवळात जवळ जाणारी सरळ रेषा ओढायची, आणि ‘अ’चा वाटा १०० टक्के असता तर रेषा कोठे पोहोचली असती ते वाचायचे. आजही वाहिन्यांवरील आणि समाजमाध्यमांवरील बरेचसे ‘मतांचे गणित’ कळत-नकळत हेच असते.

वरच्या तीन केंद्रांवर ती पद्धत वापरून पाहू. तिन्ही बिंदूंतून निघणारी रेषा सांगते की ‘अ’चा वाटा शून्य असेल तेथे ‘क’ला १९ टक्के मते, आणि १०० टक्के असेल तेथे ९९ टक्के. म्हणजे ‘अ’ समाजाचा पाठिंबा ९९ टक्के आणि ‘ब’चा १९ टक्के. वस्तुस्थिती होती ३० आणि ४९. बिंदू रेषेवर छान बसले आहेत म्हणून विश्लेषक निर्धास्त असतो, पण रेषा नीट बसणे हा निष्कर्ष बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

गुडमन यांनी स्वतःच अट घातली होती : प्रत्येक समाजाचा पाठिंबा सगळीकडे सारखा असेल, किंवा निदान त्या समाजाच्या प्रमाणानुसार बदलत नसेल, तरच ही पद्धत चालते. आपल्या उदाहरणात ‘अ’चा पाठिंबा १०, २०, ४० टक्के असा चढत गेला आणि ‘ब’चाही ३०, ५०, ८० असा. अट मोडली आणि उत्तर कोसळले. अडचण अशी की अट मोडली की नाही, हे त्याच आकड्यांवरून बहुधा कळत नाही. कधी कधी मात्र रेषा स्वतःच चुगली करते. पाठिंबा १०८ टक्के किंवा उणे पाच टक्के असे उत्तर आले, की अट मोडल्याचे हमखास समजावे. असे उत्तर गुपचूप शंभरावर वा शून्यावर आणून ठेवणारा विश्लेषक वाचकापासून धोक्याची घंटाच लपवत असतो.

अमेरिकेत अल्पसंख्याकांच्या मतदान हक्कांच्या खटल्यांत न्यायालयांपुढे असे आकडे नेहमी येतात. तेथे या रेषेच्या जोडीने जवळजवळ एकाच समाजाची वस्ती असलेली केंद्रे वेगळी काढून पाहिली जातात. १९८६च्या ‘थॉर्नबर्ग विरुद्ध गिंगल्स’ या गाजलेल्या निकालात दोन्ही पद्धतींचा आधार होता. १९९७ मध्ये गॅरी किंग यांनी डंकन-डेव्हिस यांच्या मर्यादा आणि संख्याशास्त्रीय प्रतिमान यांची सांगड घालणारी पद्धत दिली. तिने अशक्य उत्तरे टळतात, पण गृहीतक सुटत नाही. एकाच समाजाच्या वस्तीची केंद्रे पाहण्यातही एक खोच आहे. ‘अ’ समाजाच्याच मोहल्ल्यात किंवा वाडीत राहणारा माणूस आणि मिश्र सोसायटीत राहणारा त्याच समाजाचा माणूस सारखेच मत देतील, हे कशावरून?

भारतात ही चूक अधिक सहज का होते?

कारण येथे तक्त्याच्या बाहेरच्या बेरजाही धड माहीत नसतात. मतदार यादीत धर्म वा जात नोंदलेली नसते. जनगणना धर्माचे आकडे जिल्हा, तालुका, शहर अशा प्रशासकीय पातळीवर देते, मतदारसंघाच्या नव्हे. मतदारसंघातील समाजाची टक्केवारी म्हणून जे आकडे फिरतात, ते तालुके जोडून-तोडून किंवा यादीतील नावांवरून काढलेले अंदाज असतात. शेवटची जनगणना २०११ची. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींची संपूर्ण देशभर गणना होऊन ती प्रसिद्ध झाली, ती थेट १९३१ मध्ये.

त्यात आणखी दोन पायऱ्या गाळल्या जातात. लोकसंख्येतील वाटा म्हणजे मतदारांतील वाटा नव्हे. ज्या समाजात मुलांचे प्रमाण अधिक, त्याचा मतदारांतील वाटा लोकसंख्येतील वाट्यापेक्षा कमी असतो. आणि मतदारांतील वाटा म्हणजे प्रत्यक्ष मत देणाऱ्यांतील वाटा नव्हे, कारण कामासाठी बाहेरगावी गेलेले, ऊसतोडीला गेलेले, यादीतून नाव गळालेले सगळे येथे वजा होतात.

सर्वांत ढोबळ प्रकार म्हणजे मतांऐवजी जागा मोजणे. ‘या समाजाचे प्राबल्य असलेल्या ४० जागांपैकी ३० जागा अमुक पक्षाने जिंकल्या’ हे वाक्य वजनदार वाटते. पण बहुरंगी लढतीत ३५ टक्के मतांवरही उमेदवार निवडून येतो. त्या समाजाचा वाटा ३० टक्के असेल आणि त्यातील एकानेही विजयी उमेदवाराला मत दिले नसेल, तरी ही जागा त्या ३० जागांत मोजली जाईल. जागेवरून मताचा आणि मतावरून माणसाचा अंदाज, अशा दोन उड्या एका वाक्यात मारल्या जातात.

यात फटका कोणाला बसतो?

हा वाद केवळ पंडितांचा असता तर सोडून देता आला असता. भारतात मात्र मतदान केंद्रनिहाय निकाल ‘फॉर्म २०’मध्ये जाहीर होतात. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात, आणि ते केंद्र कोणत्या वस्तीचे हे गावात सर्वांना ठाऊक असते. मग ‘त्या वस्तीने आपल्याला मत दिले नाही’ असा हिशेब मांडला जातो, आणि रस्ता, नळ, दाखला, रोजगार हमीचे काम यांसाठी आलेल्या माणसाकडे त्या हिशेबाने पाहिले जाते. त्या केंद्रावर ३० टक्के मते पडली असतील, तर दारात उभा असलेला माणूस त्या तिसांतला की सत्तरांतला, हे कोणालाही ठाऊक नसते. शिक्षा मात्र त्याला व्यक्ती म्हणून होते.

मतपत्रिकांच्या काळात निवडणूक नियमांतील ५९-अ या तरतुदीमुळे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत असत. मतदान यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा उघडा पडला. त्यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ‘टोटलायझर’चा प्रस्ताव दिला. अनेक यंत्रांची मते एकत्र करून फक्त बेरीज दाखवणारे हे उपकरण. विधि आयोगाने २०१५च्या आपल्या २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. अद्याप ते अमलात आलेले नाही. विरोधाचा मुद्दाही पोकळ नाही : केंद्रनिहाय आकड्यांमुळे उमेदवारांच्या प्रतिनिधींना गैरप्रकार पकडता येतात आणि अभ्यासकांना सूक्ष्म चित्र मिळते. पण हे सूक्ष्म चित्र व्यक्तीचे नसते, एवढे तरी ध्यानात राहायला हवे.

जिल्ह्याच्या सरासरी उत्पन्नालाही हेच लागू होते का?

होय, आणि तेथे एक पेच अधिक असतो. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न असते. हे उत्पन्न जेथे उत्पादन झाले त्या जिल्ह्याच्या खाती मोजले जाते, ते कोणाच्या खिशात गेले यावरून नव्हे. चंद्रपूरच्या कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि महाऔष्णिक वीज केंद्र यांतील मूल्यवर्धन चंद्रपूरच्या आकड्यात येते, नफा मात्र इतरत्र जाऊ शकतो. म्हणजे ‘दरडोई’ या शब्दातील ‘डोई’ ही केवळ भागाकारापुरती असते. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न बरे आहे म्हणून तेथील शेतमजुराचे बरे चालले आहे, असे म्हणणे ही दुहेरी चूक ठरते.

नंदुरबारचे उदाहरण वेगळा धडा देते. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. हे दोन आकडे शेजारी ठेवून आदिवासींच्या साक्षरतेचा अंदाज बांधण्याचा मोह होतो. पण त्याची गरजच नाही. जनगणना अनुसूचित जमातींच्या साक्षर व्यक्तींचे आकडे जिल्हानिहाय स्वतंत्रपणे देते. आतले घर भरलेले उपलब्ध असताना बाहेरच्या बेरजांवरून ते ओळखण्याचा खेळ कशाला?

मात्र जिल्ह्याचे आकडे टाकाऊ आहेत असे नाही. प्रश्नच जिल्ह्याचा असेल तर तेच योग्य. कोणत्या जिल्ह्यात शाळा, दवाखाने कमी आहेत, निधी कोठे आधी द्यावा, हे ठरवायला जिल्ह्याची सरासरी हवीच. चूक होते ती निधी जिल्ह्याला आणि निष्कर्ष माणसाला लावताना. मागास जिल्ह्यात सधन कुटुंब असते, आणि पुढारलेल्या मुंबईत रोजंदारीवर जगणारे कुटुंबही असते. केवळ जिल्हा पाहून लाभ ठरवला, तर पहिल्याला नको असताना मिळतो आणि दुसऱ्याला हवा असताना मिळत नाही.

सर्वेक्षण हा उपाय आहे का?

व्यक्तीविषयी कळायचे असेल तर व्यक्तीला विचारावे लागते, याला पर्याय नाही. ‘लोकनीती-सीएसडीएस’सारखी मतदानोत्तर सर्वेक्षणे नेमके हेच करतात : समाज कोणता आणि मत कोणाला, हे एकाच माणसाकडून जाणून घेतात. तक्त्यातील आतली घरे थेट भरली जातात. पण त्यांनाही मर्यादा आहेत. लोक उत्तर टाळतात, भीतीने वा जिंकणाऱ्याबरोबर दिसण्यासाठी वेगळे सांगतात. शिवाय राज्यात दोन हजार जणांना विचारले आणि एखादा समाज दहा टक्के असेल, तर त्या समाजाचे फक्त २०० जण हाती लागतात. एवढ्या नमुन्यात ५० टक्के हा आकडा सात टक्के इकडेतिकडे असू शकतो, आणि नमुना निवडक गावांतून घेतलेला असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. म्हणून या समाजातील चार टक्क्यांच्या ‘सरकण्या’वर मोठा सिद्धांत उभारणेही धोक्याचेच.

उत्तम मार्ग दोन्ही एकत्र पाहण्याचा. सर्वेक्षणाने सांगितलेला आकडा केंद्रनिहाय निकालांच्या किमान-कमाल मर्यादेत बसतो का, हे तपासता येते. न बसल्यास सर्वेक्षणात, किंवा समाजाच्या टक्केवारीच्या अंदाजात खोट आहे, हे निश्चित होते.

२०२७च्या जनगणनेनंतर काय पाहावे?

जातींचे आकडे येतील तेव्हा पहिला प्रश्न हा असायला हवा की सारणी कोणत्या रूपात दिली आहे. केवळ जिल्हानिहाय जातींची संख्या प्रसिद्ध झाली, तर तिच्याशेजारी गुन्हे, उत्पन्न, जन्मदर, मतदान असे काहीही ठेवून हवा तो निष्कर्ष काढण्याचा धंदा तेजीत येईल. जातीनुसार शिक्षण, जातीनुसार व्यवसाय, जातीनुसार घरातील सोयी अशा जोडसारण्या मिळाल्या, तर अंदाजाची जागा मोजमाप घेईल. आरक्षणाच्या दाव्यांवर आणि प्रतिदाव्यांवर पुढची कित्येक वर्षे याच आकड्यांच्या आधारे भांडण होणार आहे. म्हणून जोडसारण्यांची मागणी आतापासून करणे गरजेचे.

आणि वाचकापुढे एखादा दावा आला, तर एक तपासणी घरबसल्या करता येते. दाव्यातील आकडा कशाचा आहे आणि वाक्याचा कर्ता कोण आहे, हे पाहायचे. आकडा मतदारसंघाचा, जिल्ह्याचा किंवा केंद्राचा असेल आणि वाक्य मात्र ‘या समाजातील लोकांनी’ असे सुरू होत असेल, तर मधली घरे कोणी आणि कशी भरली, हे विचारावे. त्याचे उत्तर दाव्यातच दिलेले नसेल, तर ती घरे अजून कोरीच आहेत, असे समजायला हरकत नाही.